h9 शाफ्टवर D10 होल: शाफ्ट-आधारित ढिल्या फिटचा क्लिअरन्स कसा काढावा

एका लांब सरळ बारवर ठरावीक अंतरांवर लिव्हर, रोलर आणि कॅम बसवायचे असले की पहिला प्रश्न बारच्या व्यासाचा येतो. प्रत्येक भागासाठी बार वेगळ्या मापाला टर्न करत बसणे फार खर्चाचे काम आहे, आणि पायऱ्या पडलेल्या बारवर मधला भाग सरकवून नेणेही अवघड होते. त्यापेक्षा ब्राइट बार जसा येतो तसाच वापरावा, आणि कोणता भाग त्यावर सैल फिरेल, कोणता पक्का बसेल हे त्या त्या भागाच्या होलच्या मापावरून ठरवावे, या पद्धतीला शाफ्ट-आधारित फिट म्हणतात. या लेखात तिची एकच जोडी घेतली आहे: २५ मिलिमीटर नॉमिनल व्यासाचा h9 बार आणि त्यावर मोकळेपणाने फिरणाऱ्या लिव्हरचे D10 होल. ही एक जोडी नीट उलगडता आली की इतर मापांसाठी फक्त तक्त्यातले आकडे बदलावे लागतात, रीत तीच राहते.

पहिली पायरी: चिन्ह वाचणे

D10/h9 या चिन्हात मोठ्या लिपीतले अक्षर होलचे आणि छोट्या लिपीतले शाफ्टचे असते. D10 च्या जागी चुकून d10 लिहिले तर अर्थ पूर्ण बदलतो, कारण d10 हे नॉमिनलपेक्षा बारीक शाफ्टचे चिन्ह आहे. म्हणून ड्रॉइंगवर हे अक्षर हाताने लिहिताना ते लहान की मोठे याबद्दल शंका राहू देऊ नये.

अक्षर आणि अंक यांची कामे वेगवेगळी आहेत. टॉलरन्सचा पट्टा नॉमिनल मापापासून किती दूर सुरू होतो हे अक्षर सांगते, आणि तो पट्टा किती रुंद आहे हे अंक सांगतो. h या अक्षराचा अर्थ असा की शाफ्टचा पट्टा बरोबर नॉमिनल मापापाशी सुरू होतो आणि तिथून खाली जातो. म्हणजे २५ मिलिमीटरचा h शाफ्ट जास्तीत जास्त २५.००० असेल, त्याहून जाड कधीच नसेल. D या अक्षराचा अर्थ होलचा पट्टा नॉमिनलच्या बराच वर सुरू होतो आणि तिथून आणखी वर जातो. शाफ्टच्या वरच्या टोकापासून होलच्या खालच्या टोकापर्यंत जी मोकळी जागा उरते, ती या फिटचा किमान क्लिअरन्स.

दुसरी पायरी: तक्त्यातली योग्य ओळ

आयएसओ २८६ च्या तक्त्यात मापे गटांत दिलेली असतात. २५ मिलिमीटर हे ‘१८ च्या वर, ३० पर्यंत’ या गटात येते. ‘च्या वर’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द नीट वाचावेत, कारण बरोबर ३० मिलिमीटरचा शाफ्ट याच गटात मोडतो, पण बरोबर १८ मिलिमीटरचा शाफ्ट त्याखालच्या गटात जातो. नवख्या माणसाकडून नेमकी अशाच सीमेवरच्या मापांत चूक होते.

या गटासाठी h9 ची वरची मर्यादा शून्य आणि खालची उणे ५२ मायक्रॉन आहे. D10 ची खालची मर्यादा अधिक ६५ मायक्रॉन आणि वरची अधिक १४९ मायक्रॉन आहे. यातले ६५ हे D अक्षरामुळे आले, आणि १४९ पर्यंतचे पुढचे ८४ मायक्रॉन १० या ग्रेडमुळे आले. तक्त्यातले आकडे नुसते उतरवून न घेता ते असे फोडून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण पुढचा सगळा विचार याच फोडीवर उभा आहे.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष मापे लिहून वजाबाकी

विचलनांवर थेट बेरीज-वजाबाकी करता येते, पण सुरुवातीला चारही मापे मिलिमीटरमध्ये पूर्ण लिहावीत. चिन्हांचा गोंधळ त्यामुळे आपोआप टळतो.

```
होल   D10 : २५.०६५ ते २५.१४९
शाफ्ट h9  : २४.९४८ ते २५.०००

किमान क्लिअरन्स = २५.०६५ − २५.००० = ०.०६५
कमाल क्लिअरन्स = २५.१४९ − २४.९४८ = ०.२०१
```

किमान क्लिअरन्ससाठी सर्वांत लहान होल आणि सर्वांत जाड शाफ्ट घ्यायचा. कमाल क्लिअरन्ससाठी सर्वांत मोठे होल आणि सर्वांत बारीक शाफ्ट घ्यायचा. हे सांगायला सोपे असले तरी मोठ्यातून मोठे आणि लहानातून लहान वजा करण्याकडे हात सहज वळतो. तसे केले तर ०.१४९ आणि ०.११७ असे दोन आकडे मिळतात. ते दिसायला अगदी विश्वासार्ह असतात आणि म्हणूनच घातक ठरतात, कारण लिव्हरचा खेळ प्रत्यक्षात ०.२ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो हे त्यांतून कळतच नाही.

उत्तर तपासण्याची एक खात्रीची खूण आहे. कमाल आणि किमान क्लिअरन्समधला फरक होलच्या आणि शाफ्टच्या टॉलरन्सच्या बेरजेएवढा आलाच पाहिजे. इथे ०.२०१ मधून ०.०६५ वजा केले की ०.१३६ येतात, आणि ०.०८४ अधिक ०.०५२ हेही ०.१३६ च होतात. वरच्या चुकीच्या आकड्यांतला फरक मात्र ०.०३२ येतो, जो दोन टॉलरन्सची बेरीज नसून वजाबाकी आहे.

कोणता आकडा कशामुळे बदलतो

माझ्या मते शाफ्ट-आधारित ढिल्या फिटमध्ये खरोखर समजून घेण्याची गोष्ट ही आहे. शाफ्ट h असल्यामुळे त्याची वरची मर्यादा नेहमी नॉमिनलवरच राहते, मग ग्रेड ९ असो वा ११. त्यामुळे किमान क्लिअरन्स फक्त होलच्या अक्षरावर ठरतो. २५ मिलिमीटरला D म्हटले की तो ६५ मायक्रॉन, त्यात कोणत्याही ग्रेडचा हात नाही. ग्रेड ढिली केली, शाफ्टची असो वा होलची, तर वाढ होते ती फक्त कमाल क्लिअरन्समध्ये.

याचा व्यवहारातला परिणाम असा की ढिल्या ग्रेडची चूक जोडणी करताना कधीच हाताला लागत नाही. भाग अडकत नाही, उलट अधिक सहज सरकतो, आणि जोडणारा समाधानी होतो. चूक उघड होते ती पुढे, यंत्र चालू लागल्यावर.

हे मी स्वतः अनुभवले आहे. एका कामात D10/h9 धरून लिव्हर काढले होते, पण बार आला तो h11 चा. बार व्यवस्थित गुळगुळीत होता, लिव्हर बसले, कोणाचीच तक्रार नव्हती. h11 ची खालची मर्यादा या गटात उणे १३० मायक्रॉन आहे, म्हणजे बार २४.८७० पर्यंत बारीक असू शकतो आणि कमाल क्लिअरन्स ०.२०१ वरून ०.२७९ वर जातो. काही लिव्हरची टोके समोरच्या पिनवर नेमकी बसेनात, तेव्हा आधी पिनची जागा तपासली गेली, मग लिव्हरचा वाक तपासला गेला, आणि बारला मायक्रोमीटर लावायला दोन दिवस गेले. तेव्हापासून बार आला की कापण्याआधी त्याचा व्यास तीन ठिकाणी मोजायचा आणि ग्रेड कागदावर पाहायची, हा क्रम मी कधीच मोडलेला नाही.

चौथी पायरी: क्लिअरन्सचे टोकाला काय होते ते पाहणे

०.२०१ हा आकडा नुसता पाहून तो जास्त की कमी हे सांगता येत नाही. लिव्हरच्या हबची लांबी आणि टोकाचे अंतर विचारात घेतल्यावरच त्याला अर्थ येतो. समजा हबमधले होल ४० मिलिमीटर लांब आहे आणि लिव्हरचे काम करणारे टोक बारच्या अक्षापासून २०० मिलिमीटरवर आहे. बार होलमध्ये तिरका होऊन एका तोंडाशी वरच्या आणि दुसऱ्या तोंडाशी खालच्या कडेला टेकू शकतो. तेव्हा कलण्याचे प्रमाण म्हणजे क्लिअरन्स भागिले होलची लांबी.

०.२०१ ला ४० ने भागले की साधारण ०.००५ येतात, आणि त्यांना २०० ने गुणले की एक मिलिमीटर. म्हणजे लिव्हरचे टोक मधल्या जागेपासून बारच्या दिशेने प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर, एकूण दोन मिलिमीटर, डुलू शकते. हेच गणित किमान क्लिअरन्सला लावले तर प्रत्येक बाजूला सुमारे ०.३३ मिलिमीटर येते. एकाच ड्रॉइंगवरून निघालेल्या, दोन्ही भाग मर्यादेत असलेल्या दोन जोड्यांमध्ये टोकाचा खेळ तिप्पट असू शकतो, आणि त्या दोन्ही जोड्या कागदावर बरोबरच असतात.

होलची लांबी ४० ऐवजी २० ठेवली तर कमाल खेळ दुप्पट होतो. टोकाचा खेळ जास्त वाटला की नवखा माणूस लगेच फिट घट्ट करायला जातो. हब लांब करायला जागा असेल तर तो उपाय बहुधा जास्त स्वस्त पडतो, कारण ग्रेड एका पायरीने घट्ट करण्यात मशीनिंगचा खर्च प्रत्येक नगावर वाढतो. अर्थात लिव्हर बारवर शेजारी शेजारी दाटीने असतील तर हब लांब करणे शक्य नसते, आणि मग फिटकडेच वळावे लागते.

पाचवी पायरी: उलट दिशेने, गरजेवरून फिट निवडणे

व्यवहारात प्रश्न बहुधा उलटाच येतो. समजा लिव्हर मोकळा फिरण्यासाठी आणि ग्रीसला जागा राहण्यासाठी किमान ०.०५ मिलिमीटर हवे आहेत, आणि टोकाचा खेळ आवरण्यासाठी कमाल ०.२२ पेक्षा जास्त चालणार नाही. बार h9 मिळणार हे नक्की आहे.

आधी एकूण पट्टा काढावा: ०.२२ वजा ०.०५ म्हणजे ०.१७. यातले ०.०५२ बारने घेतले, म्हणून होलच्या टॉलरन्ससाठी ०.११८ उरले. याच गटात ग्रेड १० ची रुंदी ०.०८४ आहे, ती मावते. ग्रेड ११ ची ०.१३० आहे, ती मावत नाही. म्हणजे होल जास्तीत जास्त ग्रेड १० चे ठेवता येईल.

मग अक्षर पाहावे. E ची सुरुवात ४० मायक्रॉनवर होते, ते किमान गरजेपेक्षा कमी आहे, म्हणून E बाद. D ची सुरुवात ६५ वर होते, आणि D10 चा कमाल क्लिअरन्स ०.२०१ येतो, दोन्ही टोके गरजेच्या आत आहेत. C ची सुरुवात ११० वर होते, त्यामुळे C10 चा कमाल क्लिअरन्स ०.२४६ होऊन मर्यादा ओलांडतो. C9 घेतले तर कमाल ०.२१४ येतो, तो आत बसतो, पण त्यासाठी होलची ग्रेड एक पायरी घट्ट करावी लागते आणि त्या बदल्यात मिळतो तो फक्त जास्तीचा किमान खेळ, ज्याची इथे कोणी मागणी केलेली नाही. म्हणून D10.

हा क्रम, म्हणजे आधी ग्रेड आणि मग अक्षर, मी मुद्दाम असा ठेवला आहे. आधी अक्षर निवडले की ते जपण्यासाठी ग्रेड विनाकारण घट्ट केली जाते.

होल काढताना आणि मोजताना

शाफ्ट-आधारित पद्धतीची खरी किंमत इथे मोजावी लागते. होल-आधारित पद्धतीत सगळी होले H ची असतात आणि H7 चा रीमर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाताशी असतो. D10 साठी तो चालत नाही, कारण २५ मिलिमीटरला H7 होल २५.०२१ पर्यंतच जाते, आणि आपले होल २५.०६५ च्या वर सुरू व्हायला हवे. म्हणून नग थोडे असतील तर होल बोअर करावे, आणि जास्त असतील तर त्याच मापाचा रीमर बनवून घ्यावा. घरात पडलेल्या H7 रीमरने होल काढून बार त्यातून फिरतो आहे ना एवढेच पाहणे हा या फिटमधला सर्वांत सर्रास घडणारा घोटाळा आहे. तशा जोडीत किमान क्लिअरन्स शून्यावर येतो आणि ग्रीसला जागाच उरत नाही. बार मर्यादेच्या बारीक बाजूचा असला की लिव्हर फिरतो आणि चूक झाकली जाते, पण पुढच्या लॉटचा बार बरोबर २५.००० चा निघाला की तोच लिव्हर जाम होतो.

तपासणीसाठी प्लग गेज सर्वांत सोयीचा. त्याचे ‘गो’ टोक २५.०६५ आणि ‘नो-गो’ टोक २५.१४९ या मापांवर बेतलेले असावे. बारसाठी मायक्रोमीटर वापरावा, ०.०२ मिलिमीटर वाचणारा व्हर्निअर ०.०५२ च्या पट्ट्यासाठी फार जाडाभरडा आहे. भाग मशीनवरून उतरवून लगेच मोजू नये, कारण ही सगळी मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि गरम होल मोठे वाचले जाते.

मायक्रोमीटरची एक मर्यादा मात्र ठाऊक असावी. सेंटरलेस ग्राइंड केलेल्या बारचा छेद कधीकधी तीन उंचवट्यांचा असतो. अशा बारवर मायक्रोमीटर कुठेही लावला तरी व्यास सारखाच येतो, पण होलच्या दृष्टीने बार त्या आकड्यापेक्षा जाड असतो. माप बरोबर आहे आणि तरीही बार अपेक्षेपेक्षा घट्ट जातो आहे असे दिसले, तर बार व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवावा. असे उंचवटे काट्याच्या हालचालीत लगेच दिसतात.

किमान क्लिअरन्स खाणाऱ्या दोन गोष्टी

ढिली ग्रेड कमाल बाजू वाढवते हे वर पाहिले. किमान बाजू खाणाऱ्या गोष्टी तक्त्याच्या बाहेरून येतात, आणि त्यातली सर्वांत नित्याची म्हणजे प्लेटिंग. जस्ताचा थर १० मायक्रॉनचा असेल तर तो बारच्या दोन्ही बाजूंना चढतो, म्हणून व्यास २० मायक्रॉनने वाढतो. २५.००० चा बार २५.०२० होतो आणि किमान क्लिअरन्स ६५ वरून ४५ वर येतो. लिव्हरलाही प्लेटिंग असेल आणि होलच्या आत तेवढाच थर बसला, तर आणखी २० जातात आणि २५ मायक्रॉन उरतात. खोल होलच्या आत थर तोंडापेक्षा पातळ चढतो, पण किमान क्लिअरन्स तोंडाशीच ठरतो, म्हणून हिशेब तोंडाचा करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे बारचा वाक. व्यासाची मर्यादा बार सरळ आहे याची हमी देत नाही. ड्रॉइंगवर तशी वेगळी अट असावी लागते. एक मीटर लांबीत बार एकसारखा एक मिलिमीटर वाकलेला आहे असे धरू. वाक लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून ४० मिलिमीटरच्या हबमध्ये तो दोन मायक्रॉनही भरत नाही आणि विसरून गेले तरी चालते. पण त्याच बारवर ३०० मिलिमीटर लांबीची सरळ नळी सरकवायची असेल, तर तिच्या लांबीत वाक ०.०९ मिलिमीटर होतो, जो ०.०६५ पेक्षा जास्त आहे. होल आणि बार दोन्ही मर्यादेत असूनही अशी नळी अडकू शकते, आणि ती फिरवली की कधी सैल, कधी घट्ट लागते. एका फेऱ्यात असे होत असेल तर व्यासात दोष शोधू नये. बार सपाट टेबलावर लोळवून पाहावा. लांब नळीच्या बाबतीत दुसरा मार्ग असा की मधला भाग मोठ्या व्यासाला मोकळा काढावा आणि D10 फक्त दोन टोकांच्या छोट्या पट्ट्यांवर ठेवावे. याने नळी बारवर मधल्या भागात टेकत नाही आणि मशीनिंगही कमी होते, पण दोन पट्ट्यांमधले अंतर तेवढेच राहिल्यामुळे टोकाचा खेळ वाढत नाही. नळी मात्र पट्ट्यांमधल्या जागेत बारला मोकळा वाकू देते.

ड्रॉइंगवर शेवटी D10 या चिन्हाच्या शेजारी २५.०६५ आणि २५.१४९ ही दोन्ही मापे लिहावीत, आणि प्लेटिंग असेल तर ती मापे प्लेटिंगनंतरची आहेत की आधीची हे त्याच ओळीत स्पष्ट करावे.